गिरणीचा परवाना नूतनीकरणाला देताय? आधी त्यावरच्या चार ओळी वाचा

मार्च म्हणजे आमच्याकडे मिरचीचा महिना. सकाळी शटर वर केलं की वाळवलेल्या मिरच्या, धणे, खोबरं यांचे डबे घेऊन बायका दारात उभ्या असतात आणि रात्रीपर्यंत कांडप थांबत नाही. आमच्या परवान्याची मुदत नेमकी याच महिन्याच्या 31 तारखेला संपते. वर्षभर शांत बसलेला माणूस शेवटच्या आठवड्यात हातात पीठ घेऊनच क्षेत्रीय कार्यालयात धावतो, आणि तिथे कळतं की अर्ज घेण्यासारखा नाही. वडिलांनंतर गिरणी मी चालवतो आणि पुण्यात नव्याने गिरणी घेतलेले लोक दर मार्चमध्ये माझ्याकडे परवाना घेऊन येतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी ठरवा: नेमका कोणता कागद संपतोय

नव्या माणसाचा पहिला घोटाळा ‘शॉप अ‍ॅक्ट’ आणि ‘परवाना’ एकच समजण्यात होतो. शॉप अ‍ॅक्टची नोंद राज्याच्या कामगार विभागाकडे होते, महापालिकेकडे नाही. महाराष्ट्रात डिसेंबर 2017 पासून नवा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. त्यानुसार थोडे कामगार असलेल्या छोट्या दुकानाने फक्त सूचना द्यायची असते. तुम्ही फॉर्म एफ भरता आणि तुम्हाला फॉर्म जी ही पोच मिळते. या पोचेला मुदत नाही, त्यामुळे तिचं नूतनीकरणही नाही. ‘तुमचा शॉप अ‍ॅक्ट संपलाय, आजच रिन्यू करा’ असा फोन आला तर पैसे देण्याआधी हातातला कागद काढून पाहा. उद्यम नोंदणीचंही तसंच आहे. ती मोफत आहे आणि तिचंही नूतनीकरण नसतं.

महापालिकेचा परवाना वेगळा. तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 313, 376 आणि 386 खाली येतो. आग, धूळ, आवाज, दुर्गंधी किंवा आरोग्याला धोका संभवतो असे उद्योग, यंत्रावर चालणारी कामं आणि ठरावीक मालाचे साठे यांना तो लागतो. गिरणीत मोटार आहे, उडणारं पीठ आहे आणि शेजाऱ्यांच्या भिंतीला हादरा आहे, म्हणून आपण त्यात बसतो. पुण्यात हे काम आकाशचिन्ह व परवाना विभाग पाहतो. पाटीचा, म्हणजे आकाशचिन्हाचा परवानाही याच विभागाचा असला, तरी कागद स्वतंत्र आहे. एकाची पावती दुसऱ्याला चालत नाही.

जागा नक्की कोणाच्या हद्दीत आहे, हेही तपासा. कॅम्पात महात्मा गांधी रस्त्याच्या बाजूला दुकान असेल तर तुमचा संबंध पुणे कटक मंडळाशी, म्हणजे कँटोन्मेंट बोर्डाशी आहे. त्यांचा व्यापार परवाना echhawani.gov.in वर होतो. खडकी कँटोन्मेंट आणि पिंपरी-चिंचवड हेही वेगळे. शंका असली तर मिळकतकराचं बिल पाहा. बिलावर ज्यांचं नाव, परवाना त्यांचा.

2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. त्या भागात जुनी गिरणी घेतलेल्यांच्या हातात बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला असतो. तो घेऊन नूतनीकरणाच्या खिडकीवर उभं राहू नका. महापालिकेचा परवाना कधी निघालाच नसेल, तर नूतनीकरण कशाचं करणार? तिथे नव्या परवान्याचाच अर्ज करावा लागतो. दाखला मात्र फेकू नका. गिरणी जुनी असल्याचा तो पुरावा आहे, अर्जाला जोडा.

चार ओळी: नाव, जागा, व्यवसाय, अश्वशक्ती

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. नूतनीकरण म्हणजे जे लिहिलंय तेच पुढच्या मुदतीसाठी चालू ठेवणं. परवान्यावर कोणाचं नाव, कुठली जागा, कोणता व्यवसाय आणि किती अश्वशक्ती हे लिहिलेलं असतं. या चारांपैकी एक जरी ओळ आज खरी नसेल, तर तुमचं काम फक्त नूतनीकरणाचं राहिलं नाही. नाव बदललं तर हस्तांतरण, व्यवसाय वाढला तर व्यवसायबदल, भागीदार आला-गेला तर भागीदारबदल. प्रत्येकाची सेवा आणि अर्ज वेगळा. अर्ज परत येतात ते बहुतेक याच कारणाने. कागद अपुरे म्हणून परत येणारे मी त्या मानाने कमी पाहिले.

सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका ताईंनी दिवाळीच्या सुमारास एका आजोबांकडून चालती गिरणी घेतली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या परवाना घेऊन माझ्याकडे आल्या. “काका, फक्त रिन्यूला टाकायचाय, फॉर्म तेवढा बघा.” मी परवाना वाचला. नाव आजोबांचं. व्यवसाय ‘पिठाची गिरणी’. अश्वशक्ती 10. मी विचारलं, “मिरची दळता का?” म्हणाल्या, “हो, जानेवारीत कांडप बसवलं ना.”

आम्ही त्यांच्या गिरणीत गेलो. मोटारीची पाटी पिठाने भरली होती, फडक्याने पुसली. जात्याच्या मोटारीवर 7.5 दिसलं आणि ताईंनी फॉर्मवर तेच लिहिलं होतं, साडेसात एचपी. पण तो आकडा किलोवॅटचा होता. शेजारीच बारीक अक्षरात 10 एचपी कोरलेलं होतं. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता आधी पाटीच पुसायला लावतो. एक एचपी म्हणजे 0.746 किलोवॅट. दहा एचपीच्या मोटारीवर साडेसात किलोवॅट असतं आणि साडेसात एचपीच्या मोटारीवर साडेपाच किलोवॅट. साडेसात हा आकडा दोन्हीकडे येतो, म्हणून आकड्यापुढचं एकक वाचायचं. अर्जात साडेसात आणि परवान्यात दहा असं गेलं असतं तर जागेवर पाहणी होऊन खुलासा मागितला गेला असता.

कांडपाच्या मोटारीवर 3.7 किलोवॅट, म्हणजे 5 एचपी. एकूण झाले 15. महावितरणच्या बिलावर मंजूर भार मात्र 10 एचपीच होता. म्हणजे चारपैकी तीन ओळी बदलल्या होत्या: नाव, व्यवसाय आणि अश्वशक्ती. जागा तेवढी तीच.

अशा वेळी काय करायचं? पुष्कळजण सुचवतात की जुन्या नावानेच पैसे भरून टाका, कोण बघतंय. मी हे कधीच सांगत नाही. आजोबांच्या नावाने, त्यांच्या सहीशिवाय अर्ज करणं ही खोटी माहिती आहे. उद्या आग लागली किंवा शेजाऱ्याने तक्रार केली की पहिला कागद परवानाच मागतात, आणि त्यावर तुमचं नावच नसतं.

आम्ही क्रम असा लावला. आजोबा मुलाकडे राहायला गेले होते, त्यांना फोन करून संमतीपत्र घेतलं आणि मूळ परवाना मिळवला. मुदतीच्या आत त्यांच्याच सहीने 10 एचपीच्या पिठाच्या गिरणीच्या नूतनीकरणाचा अर्ज दिला आणि त्याच दिवशी ताईंच्या नावाने हस्तांतरणाचा. दोन्ही अर्जांना एक साधं पत्र जोडलं: गिरणी अमुक तारखेच्या करारानुसार हस्तांतरित झाली आहे, कांडप यंत्र बंद ठेवलं आहे, त्याच्या परवानगीसाठी भारवाढ झाल्यावर स्वतंत्र अर्ज करू. मग महावितरणकडे भारवाढीचा अर्ज. भार मंजूर होऊन तो बिलावर आल्यानंतर महापालिकेकडे व्यवसाय आणि अश्वशक्ती वाढवण्याचा अर्ज. त्या सीझनला त्यांची मिरची आमच्याकडे आली. त्यांचं नुकसान झालं, हे खरं आहे. पण मंजूर भाराच्या वर यंत्र चालवलं तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. पाच एचपीच्या कांडपाची एका सीझनची कमाई त्यात सहज गेली असती.

नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत देण्यावर मी इतका भर देतो, त्याला कायद्यात कारण आहे. मुदत संपली की परवानाधारक विनापरवाना धरला जातो. पण ठरलेल्या तारखेच्या आत नूतनीकरणाचा अर्ज दिलेला असेल, तर निर्णय येईपर्यंत परवाना चालू असल्यासारखंच काम करता येतं. कलम 386 मध्ये ही सोय आहे. म्हणून 30 मार्चची पोच आणि 2 एप्रिलची पोच यांत तीन दिवसांपेक्षा फार मोठं अंतर आहे.

कागद: हे सगळं एका पाकिटात

फेब्रुवारीच्या शेवटी हे जमवायला बसा. प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही करा.

- चालू परवाना आणि मागच्या वर्षी शुल्क भरल्याची पावती. परवाना हरवला असेल तर आधी दुय्यम प्रतीचा अर्ज, तीही वेगळी सेवा आहे.
- परवानाधारकाचं आधार आणि पॅन. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र आणि सगळ्या भागीदारांची ओळखपत्रं.
- जागेचा पुरावा. स्वतःची असेल तर मिळकतकराचं बिल किंवा इंडेक्स दोन. भाड्याची असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि मालकाचं संमतीपत्र. पेठांत पिढ्यान्‌पिढ्यांची भाडेकरू मंडळी असतात, त्यांच्याकडे करार नसतो. त्यांनी चालू महिन्याची भाडेपावती जोडावी.
- मिळकतकर भरल्याची पावती, चालू वर्षापर्यंतची.
- महावितरणचं ताजं बिल, मंजूर भार दिसेल असं.
- शॉप अ‍ॅक्टची पोच (फॉर्म जी) किंवा नोंदणी प्रमाणपत्र.
- अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी. आपण पीठ दळतो, म्हणजे अन्नाचाच धंदा.
- अग्निशामक सिलिंडर भरल्याची पावती. मोठी जागा असेल किंवा अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला आधी घेतलेला असेल तर त्याची प्रत.
- मोटारींचा तपशील साध्या कागदावर: कोणतं यंत्र, किती एचपी, कुठे बसवलं आहे. हा कागद कोणी मागत नाही, तरी मी दरवर्षी जोडतो. पाहणीला आलेल्या माणसाचं काम सोपं होतं आणि आकड्यांचा घोळ होत नाही.

यादीतल्या दोन कागदांवर लोक अडकतात. पहिला भाडेकरार. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा किंवा तीन-पाच वर्षांचा असतो, आणि परवान्याच्या मुदतीच्या मधेच तो संपत असतो. करार ऑगस्टमध्ये संपणार असेल तर मार्चमध्ये तो चालू असल्याने अर्ज जातो. पण मार्चमध्येच संपणार असेल तर आधी नवा करार नोंदवून घ्या. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार पुरेसा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा.

दुसरा मिळकतकर. कर भरलाय की नाही एवढंच पाहून थांबू नका, बिलावर वापर काय लिहिलाय तेही पाहा. जुन्या घराच्या तळमजल्यावर, पूर्वीच्या ओटीवर गिरणी असते आणि बिलात सगळं घर ‘निवासी’. मालकाला बिगरनिवासी दराने जास्त कर नको असतो, म्हणून तो संमतीपत्र द्यायला कचरतो. भाडेकरू मधल्या मधे अडकतो. याचा उपाय करार करतानाच आहे: वाढीव कर कोण भरणार हे करारात लिहून घ्या. मालकाने जुनी थकबाकी ठेवली असेल तर तिच्यावर दरमहा दोन टक्के शास्ती चढत असते. त्यामुळे ही गोष्ट मार्चमध्ये नाही, जागा घेतानाच विचारायची.

अर्ज देणं आणि पाहणी

अर्ज आपल्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या नावाने जातो. पुण्यात अशी पंधरा कार्यालयं आहेत आणि पत्त्याची गल्लत सोपी आहे. कसबा-विश्रामबागवाडा आणि भवानी पेठ एकमेकांना चिकटून आहेत, तसेच वारजे-कर्वेनगर आणि कोथरूड-बावधन. मिळकतकराच्या बिलावरून आपलं कार्यालय ओळखा. ऑनलाइन भरायचं असेल तर pmc.gov.in वरून सुरुवात करा, शोधयंत्रात वर दिसणाऱ्या खासगी जाहिरातींवरून नको. संगणक जमत नसेल तर नागरी सुविधा केंद्रात जा.

फॉर्म भरताना नाव, पत्ता आणि व्यवसाय जुन्या परवान्यावरून अक्षरशः उतरवा. परवान्यावर ‘घर नं.’ असेल आणि तुम्ही ‘सर्व्हे नं.’ लिहिलात तर जागा बदलल्यासारखं वाटतं. मोबाइल नंबर एजंटचा देऊ नका. ओटीपी आणि त्रुटीचा संदेश त्याच नंबरवर येतो, आणि एजंट सांगायला विसरला तर अर्ज तिथेच पडून राहतो. शुल्क व्यवसायावर आणि अश्वशक्तीवर ठरतं. चलनात एचपीचा आकडा बरोबर आहे ना, हे पाहूनच पैसे भरा. मुदतीनंतर गेलात तर विलंब शुल्काची ओळ जोडलेली असते.

पैसे भरल्याची पावती म्हणजे अर्जाची पोच नव्हे. पोचेवर अर्ज क्रमांक आणि तारीख असते. ती वेगळी काढून ठेवा.

परवाना निरीक्षक पाहणीला आले तर काय पाहतात? पट्ट्याला जाळी किंवा पत्र्याचं झाकण आहे का, वायर उघड्या आहेत का, मोटारी किती, अग्निशामक हाताशी आहे का, आणि पीठ बाहेर उडू नये म्हणून काय केलंय. पट्ट्याचं झाकण जात्याच्या दगडाला टाकी लावायला काढलं जातं आणि पुन्हा लावायचं राहून जातं. ते आदल्या रात्री लावा. अग्निशामकाच्या काट्याकडेही पाहा, हिरव्या पट्ट्यात हवा. भिंतींवर, पंख्यावर, बोर्डावर साचलेलं पीठ झाडून घ्या. बारीक पीठ हवेत तरंगताना ठिणगी पडली तर भडका उडतो, त्यामुळे ही सफाई पाहणी नसतानाही करायचीच आहे.

वजनकाट्याचा शिक्का वैधमापन विभागाचा असतो, महापालिकेचा नाही. पण इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी लागते, म्हणून तेही मी मार्चच्याच यादीत ठेवलं आहे.

अर्ज अडकला तर

परवाना नूतनीकरण ही लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवा आहे. हा कायदा 2015 चा. कार्यालयात सेवांचा फलक असतो. त्यावर सेवा, दिवसांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी लिहिलेले असतात. त्याचा फोटो काढून ठेवा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर त्यानंतर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. अपिलात रागाने काही लिहू नका. पोच क्रमांक, तारीख, फलकावरची मुदत आणि आजची तारीख, एवढं पुरतं.

त्याआधी मात्र आपल्याकडे त्रुटीचं पत्र किंवा संदेश आलाय का, हे बघा. एका वर्षी मी स्वतः एका कार्यालयात तीन खेपा घातल्या, आवाज चढवला, आणि शेवटी कळलं की बिलाची प्रत पुसट आल्याचा संदेश माझ्याच जुन्या नंबरवर गेला होता. बिल पुन्हा दिलं आणि काम झालं. पण त्रुटी तोंडी सांगितली जात असेल आणि दर खेपेला नवा कागद मागितला जात असेल, तर नम्रपणे म्हणा, “साहेब, काय कमी आहे ते लेखी द्या, एकदमच आणतो.” लेखी आलं की यादी थांबते.

परवाना हातात आल्यावर

काउंटरवरच वाचा. नाव, जागा, व्यवसाय, एचपी आणि नवी मुदत. छपाईची चूक त्याच दिवशी दाखवली तर दुरुस्ती सोपी असते, पुढच्या मार्चमध्ये दाखवली तर तो बदलाचा अर्ज होतो. मूळ प्रतीला लॅमिनेशन करू नका, तिच्यावर पुढे शेरा मारायची वेळ येऊ शकते. आम्ही मूळ प्रत घरी ठेवतो आणि रंगीत प्रत काचेच्या चौकटीत गल्ल्याच्या मागे लावतो, जात्यापासून लांब, नाहीतर महिन्याभरात काचेवरचं पीठ पुसल्याशिवाय नाव वाचता येत नाही. चौकटीच्या मागे पाकीट चिकटवलं आहे. त्यात शुल्काची पावती, पोच आणि मोटारींचा कागद असतो. ताईंनीही तसंच पाकीट केलंय, आणि त्यांच्या परवान्यावर आता ‘पिठाची गिरणी व मसाला कांडप, 15 अश्वशक्ती’ असं त्यांच्या स्वतःच्या नावाखाली लिहिलेलं आहे.